रहस्यकथेच्या मुखपृष्ठासाठी शीर्षकाचा फॉन्ट: नखाएवढ्या चित्रातही वाचता येईल असा कसा निवडायचा

लातूर, नांदेड, परभणीकडचे लेखक स्वतःची पुस्तकं स्वतः काढतात तेव्हा कव्हरची फाइल बहुतेक वेळा माझ्याकडे शेवटच्या आठवड्यात येते. मोठ्या पडद्यावर ती छान दिसत असते. मी ती मोबाइलवर अंगठ्याच्या नखाएवढी करून दाखवतो आणि विचारतो, वाचा. मग "खून"चं "रवून" होतं, "बळी"चं "वळी" आणि "विष"चं "विप". रहस्यकथेच्या नावात हमखास येणारे शब्द बघा: खून, घात, वध, बळी, भय, विष. यातल्या प्रत्येकात असं एक अक्षर आहे, जे एका बारीक खुणेमुळे शेजारच्या अक्षरापासून वेगळं ओळखू येतं. घ आणि ध, भ आणि म यांच्यातला मोठा फरक शिरोरेखेतल्या फटीचा आहे. ब आणि व, ष आणि प यांच्यात फक्त पोटातली तिरकी रेघ. ख आणि रव यांच्यात तळाची जोड. चित्र लहान झालं की आधी याच खुणा बुजतात, अक्षर कितीही जाड असलं तरी.

म्हणून फॉन्ट निवडताना "भीतिदायक दिसतो का" हा प्रश्न शेवटी विचारायचा. आधी बघायचं ते या फटी, रेघा आणि पोटातली पोकळी लहान आकारात टिकते का. खालचे टप्पे त्याच क्रमाने आहेत आणि क्रम महत्त्वाचा आहे. बहुतेक जण चौथ्या टप्प्यापासून सुरुवात करतात आणि तिथेच फसतात.

सगळीकडे एकच उदाहरण घेतो: "बंधाऱ्यावरचा घात". गोदावरीवरच्या एका कोल्हापुरी बंधाऱ्यावर, दारं टाकायच्या रात्री झालेल्या खुनाची कथा. नाव उदाहरणापुरतं आहे, पण त्यात ब, ध, घ आणि ऱ्या असे चारही त्रासदायक पाहुणे एकत्र आले आहेत.

टप्पा १: फॉन्ट उघडण्याआधी शीर्षक कागदावर मोजा

पेन्सिलीने शीर्षक मोठं लिहा आणि तीन गोष्टींवर गोल करा.

पहिली, शिरोरेखेच्या वर काय आहे: वेलांटी, मात्रा, रफार, अनुस्वार. दुसरी, तळाखाली काय आहे: उकार, ऋकार. तिसरी, मघाशी सांगितलेली फसवी अक्षरं. देवनागरी ओळीला तीन मजले असतात. नावात "मृत्यू" असेल तर मृ चा ऋकार आणि त्यू चा उकार तळमजला अडवतात, त्यामुळे ओळीच्या ठरलेल्या उंचीत अक्षराचं मुख्य अंग लहान होतं. "बंधाऱ्यावरचा घात" या बाबतीत सुदैवी आहे. पहिल्या शब्दावर फक्त एक अनुस्वार, खाली काहीच नाही. "घात"च्या वरही काही नाही आणि खालीही नाही. म्हणजे दोन ओळी एकमेकींच्या अगदी जवळ बसवता येतील, वरच्या ओळीचा उकार खालच्या वेलांटीत अडकणार नाही. ही जवळीक म्हणजे मोफत मिळालेली उंची. ती पुढे वापरायची आहे.

आता रुंदी. ई-बुकसाठी ॲमेझॉनच्या केडीपीवर, म्हणजे स्वतःचं पुस्तक स्वतः काढण्याच्या सेवेवर, कव्हरची आदर्श मापं २५६० पिक्सेल उंची आणि १६०० पिक्सेल रुंदी अशी आहेत. दोन्ही बाजूंना ८ टक्के समास सोडला तर शीर्षकाला १३४४ पिक्सेल उरतात. हे कव्हर यादीत १०० पिक्सेल रुंदीचं होतं तेव्हा सगळं सोळा पटीने लहान होतं आणि शीर्षकाला उरतात ८४ पिक्सेल.

"बंधाऱ्यावरचा" मध्ये बं, धा, ऱ्या, व, र, चा अशी सहा अक्षरं. ८४ भागिले ६, म्हणजे एकेकाला १४ पिक्सेल. त्यातला ब घ्या. दोन पिक्सेल उभा दांडा, दोन पिक्सेल पोटाची कड, थोडी जागा शेजारच्या अक्षरापासूनच्या अंतराला. पोटात सहा-सात पिक्सेल उरतात, त्यात तिरकी रेघ आणि तिच्या दोन्ही बाजूंना पांढरी जागा. एवढ्यात ब वाचला तर वाचला. उलट "घात"ला पूर्ण रुंदी दिली तर घा आणि त यांना सरासरी ४२ पिक्सेल मिळतात. तो शब्द चुकूनही चुकणार नाही.

इथेच निर्णय करायचा: नखाएवढ्या चित्रात कोणता एक शब्द वाचला गेलाच पाहिजे? दुकानाच्या यादीत पूर्ण नाव चित्राच्या शेजारी किंवा खाली टाइपमध्ये असतंच. कव्हरने एक शब्द आणि एक चित्र पोचवलं की काम झालं. आपल्या उदाहरणात तो शब्द "घात". बंधारा चित्रात दिसेल.

*तपासणी:* तुमच्या कागदावर मुख्य शब्द ठरला का? तो चार अक्षरांपेक्षा मोठा असेल तर लेखकाशी आत्ताच बोला. छपाईच्या आदल्या दिवशी नाव बदलायला कुणी तयार होत नाही.

*सावध:* जागा पुरत नाही म्हणून "बंधाऱ्या" एका ओळीवर आणि "वरचा" दुसऱ्या ओळीवर तोडू नका. वाचणारा "वरचा घात" असं एकत्र वाचतो आणि मग खालचा घात कुठला, या विचारात पडतो.

टप्पा २: मजकूर नीट टाइप करा, मगच फॉन्ट लावा

चांगला फॉन्ट खराब ठरवला जातो त्याचं कारण बऱ्याचदा टायपिंगमध्ये असतं. "बंधाऱ्या" मधला अर्धा र रफार नाही. तो य च्या डाव्या कुशीत बसणारा बाकदार र आहे. साधा र, हलन्त आणि य टाइप केला तर "र्य" येतो, म्हणजे "बंधार्या", आणि कव्हरवर शुद्धलेखनाची चूक छापली जाते. हवा तो क्रम असा:

```
ऱ + ् + य + ा  →  ऱ्या
```

यातला पहिला र खाली टिंब असलेला आहे, हे लक्षात घ्या. मोबाइलवरच्या बहुतेक मराठी कीबोर्डांवर तो र दाबून धरल्यावर किंवा दुसऱ्या पानावर सापडतो.

लेखकाची फाइल जुन्या डीटीपी फॉन्टमध्ये असेल तर शीर्षकाचे शब्द तिथून उचलू नका. ते युनिकोड नसतात. नवा फॉन्ट लावला की भलतीच चिन्हं उमटतात. दोनच शब्द आहेत, हाताने टाइप करा.

मग सॉफ्टवेअर. फोटोशॉपच्या जुन्या आवृत्त्यांमध्ये `Preferences` मधल्या `Type` विभागात `Middle Eastern and South Asian` किंवा `World-Ready Layout` चालू हवं. इनडिझाइनमध्ये परिच्छेदाच्या मेन्यूतून `Adobe World-Ready Paragraph Composer` निवडा. हे बंद असेल तर पहिली वेलांटी अक्षराच्या उजवीकडे पडते, जोडाक्षरं सुटून हलन्त दिसू लागतो आणि आपण फॉन्टला दोष देतो. इंकस्केपमध्ये वेगळं काही करावं लागत नाही.

*तपासणी:* टाइप केलेलं शीर्षक लेखकाला पाठवा आणि फक्त शुद्धलेखन बघायला सांगा. त्या चित्रात रंग नको, फोटो नको. सजवलेल्या कव्हरवर चूक कुणाला दिसत नाही.

टप्पा ३: पाच-सहा फॉन्टांची यादी करा, त्याहून जास्त नको

गूगल फॉन्ट्सवर देवनागरीचे पुष्कळ फॉन्ट आहेत आणि पुस्तकाच्या कव्हरवर ते विनामूल्य वापरता येतात. यादी मोठी केली की डोळा थकतो आणि शेवटचा पाहिलेला आवडतो. मी चार जाती धरतो आणि प्रत्येकीतून एक किंवा दोन घेतो.

पहिली जात समान जाडीच्या रेघांची. आडवी आणि उभी रेघ जवळजवळ सारख्याच जाडीची. `Mukta`, `Anek Devanagari`, `Baloo 2` या जातीचे. लहान आकारात या फॉन्टांचं काहीही एकदम नाहीसं होत नाही, ही यांची मोठी ताकद. `Baloo 2` मात्र गोलगुबगुबीत आहे. बालकथेला शोभतो, खुनाला नाही.

दुसरी जात अरुंद फॉन्टांची: `Khand`, `Teko`, `Pragati Narrow`. लांब शब्दाला यांचा उपयोग होतो, कारण त्याच रुंदीत अक्षर उंच बसतं. पण अरुंद अक्षराचं पोटही अरुंद असतं, त्यामुळे ब ची तिरकी रेघ आणि घ ची आतली वळणं पहिल्यांदा इथेच एकमेकांना चिकटतात. उंची मिळाली म्हणून वाचनीयता मिळाली असं समजू नका.

तिसरी जात जाड-बारीक रेघांची. `Rozha One` हे तिचं ठळक उदाहरण. मोठ्या आकारात याचा थाट वेगळाच आहे, दुकानाच्या काउंटरवर पुस्तक उठून दिसतं. पण याच्या बारीक रेघा १०० पिक्सेलला पुसल्या जातात आणि उरतात सुटे काळे तुकडे. छापील पुस्तक हाच मुख्य माल असेल तरच याचा विचार करा.

चौथी जात हाताच्या वळणाची किंवा खास ढंगाची. `Kalam` पेनाने लिहिल्यासारखा, `Yatra One` तिरक्या कापाचा, `Modak` तर इतका जाड की अक्षराच्या पोटात केसाएवढी फट उरते. `Modak` मोठ्या आकारात मजेदार दिसतो, पण आपल्या कामात घ चं पोट बुजून नुसता गोळा दिसतो. रक्त ठिबकणारे, तडे गेलेले फॉन्ट याच जातीत येतात. त्यांचे थेंब आणि तडे लहान आकारात अनुस्वारासारखे, उकारासारखे दिसू लागतात. देवनागरीत टिंबाला अर्थ आहे, म्हणून अक्षराखालचा शोभेचा थेंब इथे चूक ठरू शकतो.

उदाहरणासाठी माझी यादी अशी: `Mukta` ExtraBold, `Anek Devanagari` दोन रुंदींमध्ये, `Khand` Bold, `Rozha One`, `Yatra One`. शेवटचे दोन पडणार असं मला आधीच वाटत होतं, तरी ठेवले, कारण लेखकाला त्यातलाच एखादा आवडलेला असतो आणि तो का नको हे शेजारी ठेवून दाखवावं लागतं.

*सावध:* फॉन्टमध्ये ठळक वजन, म्हणजे जाड रेघांचं रूप, नसेल आणि तुम्ही सॉफ्टवेअरचं `B` बटण दाबलं, तर प्रोग्राम अक्षराभोवती नुसती जाडी फुगवतो. ती आतही फुगते. ध ची फट आणि ब चं पोट तिथेच बुजतं. फॉन्टसोबत आलेलं Bold किंवा ExtraBold असेल तेच वापरा.

*सावध:* शब्द बसत नाही म्हणून दोन्ही बाजूंनी चेपू नका. आडवं ७० टक्के केलं की काना बारीक होतो आणि शिरोरेखा जाडच राहते. ओळीवर पत्रा ठोकल्यासारखं दिसतं. अरुंद हवा असेल तर मुळात अरुंद काढलेला फॉन्ट घ्या.

टप्पा ४: चाचणीपट्टी करा

हा टप्पा सगळ्यात जास्त वेळ खातो, आणि तो वेळ द्यायलाच हवा. चित्र, रंग, लेखकाचं नाव यातलं काहीच अजून नको. पांढऱ्या पार्श्वभूमीवर काळी अक्षरं. यादीतल्या प्रत्येक फॉन्टमध्ये दोन ओळी लिहा. एक तुमचं शीर्षक, दुसरी फसव्या अक्षरांची:

```
घात धात  बळी वळी  भय मय
खून रवून  विष विप  ऱ्या र्या
```

जोड्या शेजारी ठेवल्याचा फायदा असा की डोळ्याला आठवणीवर अवलंबून राहावं लागत नाही. "घात" एकटं बघितलं तर ओळखीच्या शब्दामुळे ते नीटच वाचलं जातं. "धात" शेजारी असेल तर दोन्हीतला फरक दिसतो की नाही, हे लगेच कळतं.

ही पट्टी १६०० पिक्सेल रुंदीची करा आणि तिच्या तीन प्रती काढा: २०० पिक्सेल, १०० पिक्सेल आणि ६० पिक्सेल रुंदीच्या. एका फॉन्टची एक पट्टी ठेवा आणि अक्षराचा आकार कव्हरवर येणार तेवढाच ठेवा. मावत नसेल तर दुसरी पट्टी करा, अक्षर लहान करू नका. संगणकावर इमेजमॅजिक असेल तर एवढंच पुरतं:

```
magick patti.png -resize 100x patti-100.png
```

सॉफ्टवेअरमध्ये झूम कमी करून बघणं ही चाचणी नव्हे. झूम कमी केल्यावर प्रोग्राम बऱ्याचदा अक्षर नव्याने आखतो, त्यामुळे ते प्रत्यक्षातल्या लहान केलेल्या चित्रापेक्षा स्वच्छ दिसतं. फाइल निर्यात करा आणि तीच बघा.

दोन ठिकाणी बघा, कारण दोन्हीकडचा अडथळा वेगळा आहे. जुन्या संगणकाच्या पडद्यावर १०० पिक्सेलचं चित्र आकाराने बऱ्यापैकी दिसतं, पण त्यात पिक्सेलच कमी असतात, म्हणून कडा विरघळतात. नव्या मोबाइलवर पिक्सेल भरपूर असतात, पण चित्रच दीड-दोन सेंटिमीटरचं असतं. पहिल्यावर बारीक रेघ मरते, दुसऱ्यावर दाट अक्षर मरतं. दोन्ही परीक्षांत पास होणारा फॉन्ट मध्यम जाडीचा आणि मोकळ्या पोटाचा निघतो, हा माझा अनुभव.

डोळ्यावर भरवसा नसेल तर मोजून बघा. माझा ठोकताळा असा: मुख्य शब्दातली कुठलीही अर्थाची फट, म्हणजे ध च्या शिरोरेखेतली मोकळी जागा, ब च्या रेघेशेजारची पोकळी, १०० पिक्सेलच्या चित्रात निदान दोन पिक्सेल हवी. सोळाने गुणा. म्हणजे १६०० पिक्सेलच्या मूळ फाइलमध्ये ती निदान ३२ पिक्सेल असली पाहिजे. ३२ पिक्सेलचा एक लाल चौकोन करा आणि तो अक्षराच्या पोटात सरकवून बघा. मावला तर ठीक. नाही मावला तर अक्षर मोठं करा, वजन एक पायरी उतरवा किंवा फॉन्ट बदला.

आपल्या उदाहरणात काय होतं ते बघू. "घात"ला पूर्ण रुंदी दिल्यावर चौकोन `Mukta` मध्ये आणि `Anek` मध्ये आरामात मावतो. `Rozha One` मध्येही मावतो, पण त्याची बारीक रेघ १०० पिक्सेलला फिकट राखाडी होते. त्याला हा चौकोन अडवत नाही, पट्टीच अडवते. "बंधाऱ्यावरचा" हा शब्द एका ओळीत बसवल्यावर ExtraBold वजनात ब च्या पोटात चौकोन अडकतो आणि ध ची फट बुजून तो घ कडे झुकतो. तेच वजन SemiBold वर आणलं की फट उघडते. म्हणजे लहान आकारात बसणाऱ्या शब्दाला कमी वजन आणि मोठ्या आकारात बसणाऱ्याला जास्त. बहुतेक जण उलट करतात: लहान दिसतो म्हणून त्यालाच जाड करतात आणि जे थोडं दिसत होतं तेही घालवतात.

*तपासणी:* लांब शब्दाकडून १०० पिक्सेलला वाचलं जाण्याची अपेक्षा ठेवू नका, १६० पिक्सेलला ठेवा. तिथे त्याच्या एकेका अक्षराला २२ पिक्सेल मिळतात आणि ब वाचता येतो. १६० लाही नाही वाचला तर मात्र फॉन्ट बाद.

टप्पा ५: कव्हरवर बसवा

माझी निवड इथे `Anek Devanagari` वर थांबली. कारण साधं आहे: या फॉन्टला वजनाबरोबर रुंदीचीही पट्टी आहे, ७५ पासून १२५ पर्यंत. लांब शब्द ८५ च्या आसपास अरुंद आणि SemiBold, "घात" १०० रुंदीत आणि ExtraBold. दोन शब्द दोन आकारांचे असूनही एकाच घरातले दिसतात. `Mukta` नेही काम भागलं असतं, फक्त लांब शब्द थोडा लहान बसला असता.

बसवताना चार गोष्टी, आणि त्यातली पहिली सर्वात महत्त्वाची.

अक्षरांमधलं अंतर वाढवू नका. इंग्रजी रहस्यपटांच्या पोस्टरवर अक्षरं विरळ ठेवण्याची पद्धत आहे आणि ती इकडे जशीच्या तशी उचलली जाते. रोमन अक्षरं सुटी असतात, त्यांना चालतं. देवनागरीत अंतर वाढवलं की शिरोरेखा तुटते. आणि शिरोरेखेतली फट ही ध ची, भ ची ओळख आहे. सगळीकडे फटी पडल्या तर खरी फट कोणती हे वाचणाऱ्याला कळत नाही. परभणीच्या एका कादंबरीसाठी मी स्वतः हे करून बसलो होतो. मोठ्या पडद्यावर ते कव्हर फार देखणं दिसत होतं, मोबाइलवर त्या शब्दाचे चार सुटे ठोकळे झाले. तेव्हापासून ट्रॅकिंग शून्यावर.

ओळींमधलं अंतर मात्र हाताने कमी करा. देवनागरी फॉन्ट वरच्या मात्रा आणि खालच्या उकारांसाठी भरपूर जागा राखून ठेवतात. तुमच्या शब्दांत ते नसतील तर ती जागा नुसती वाया जाते. "बंधाऱ्यावरचा" खाली "घात" इतकं जवळ आणा की मधली पोकळी "घात"च्या शिरोरेखेच्या जाडीच्या दीडपट राहील. त्याहून जवळ नेलं तर लहान चित्रात वरच्या ओळीचे काने खालच्या शिरोरेखेत उतरल्यासारखे दिसतात.

रंग. काळ्यावर गडद लाल हा रहस्यकथेचा आवडता वेश आहे आणि लहान चित्रात तोच सगळ्यात आधी बुडतो. काळ्यावर पांढऱ्याचं काँट्रास्ट गुणोत्तर २१ ला १. शुद्ध लालचं सव्वापाच ला १. आणि रक्तासारखा गडद लाल, `#8B0000`, जेमतेम दोन ला १. वर जेपीईजी करताना बहुतेक वेळा रंगाची माहिती उजेडाच्या माहितीपेक्षा कमी बारकाईने साठवली जाते, त्यामुळे लाल अक्षराच्या कडा आणखी पसरतात. व्हॉट्सॲपवरून चित्र दोनदा इकडून तिकडे गेलं की हे स्पष्ट दिसतं. लाल हवाच असेल तर तो पार्श्वभूमीला द्या आणि अक्षरं पांढरी किंवा फिकट पिवळी ठेवा. गडद पार्श्वभूमीवर पांढरं अक्षर मुळापेक्षा जाड भासतं, म्हणून चौथ्या टप्प्यात काळ्यावर-पांढरं पट्टी एकदा पुन्हा काढा. गरज पडली तर वजन एक पायरी कमी.

सावली, चमक, बाह्यरेषा यांबद्दल थोडक्यात: अक्षराच्या आत शिरणारं काहीही नको. फोटो अक्षराशी भांडत असेल तर अक्षरामागचा फोटो गडद करा.

*तपासणी:* लेखकाच्या नावात ल किंवा श असेल तर मराठी वळणाचे आलेत का बघा. काही फॉन्टांत आधी हिंदी वळण येतं आणि भाषा मराठी निवडल्यावर मराठी वळण मिळतं. `Tiro Devanagari Marathi` मध्ये ते आपोआप मराठीच असतं. लेखकाचं नाव या फॉन्टमध्ये घेतलं तरी शोभतं.

टप्पा ६: नाव माहीत नसलेल्या पाच जणांना दाखवा

तुम्ही आणि लेखक दोघेही या परीक्षेला अपात्र आहात. शीर्षक तुम्हाला पाठ आहे. घरच्यांनाही ते ऐकून माहीत असतं.

१०० पिक्सेलचं कव्हर मोबाइलवर इतर सात-आठ पुस्तकांच्या कव्हरांमध्ये ठेवून एक चित्र करा. माणसाला दोन सेकंद दाखवा, मोबाइल उलटा ठेवा आणि विचारा, काय वाचलं? "वाचता येतंय का?" असं विचारू नका, त्याला सगळे हो म्हणतात. त्यांनी उच्चारलेला शब्द जसाच्या तसा लिहून ठेवा. मी ही चाचणी गंजगोलाईत एका चहाच्या टपरीवर, भर दुपारी करतो, मोबाइलचा उजेड निम्म्यावर ठेवून. लातूरच्या उन्हात जे कव्हर वाचलं जातं ते घरात वाचलं जातंच. पन्नाशीच्या पुढचा, चष्मा काढून ठेवलेला एक तरी माणूस त्या पाचांत असू द्या.

अशाच एका फेरीत टपरीवाल्या काकांनी मला विचारलं होतं, "धात म्हंजे काय असतंय हो?" त्या आवृत्तीत मी घ च्या डोक्यावरून फोटोतल्या विजेच्या तारेची फिकट रेघ जाऊ दिली होती आणि तिने शिरोरेखेत फट पडल्याचा भास होत होता. फॉन्ट बरोबर होता, मागचं चित्र चुकलं होतं. तार पुसली आणि पुढच्या पाचही जणांनी "घात" वाचलं.

उत्तरं कशी वाचायची ते सांगतो. एकानेच वेगळं वाचलं तर पुन्हा पाच जण घ्या. दोघांनी एकच चुकीचा शब्द वाचला तर ती डोळ्याची चूक नाही, त्या अक्षरात दोष आहे. चौथ्या टप्प्यावर जाऊन तेच अक्षर मोजा. "काहीतरी लिहिलंय" असं उत्तर आलं तर काँट्रास्ट कमी आहे, पाचव्या टप्प्यावर जा.

टप्पा ७: परवाना, बाह्याकृती आणि शेवटची फाइल

गूगल फॉन्ट्सवरचे वर सांगितलेले फॉन्ट ओपन फॉन्ट लायसन्सखाली आहेत. विक्रीच्या पुस्तकाच्या कव्हरवर ते चालतात, फक्त फॉन्टची फाइल एकटी विकता येत नाही. इतर कुठून उतरवलेल्या फॉन्टसोबत परवान्याची फाइल नसेल तर तो वापरू नका. फॉन्टच्या फोल्डरमध्ये ती मजकूर फाइल असते, ती कव्हरच्या फाइलीशेजारी जपून ठेवा.

छापखान्याला देण्याच्या प्रतीत शीर्षकाच्या अक्षरांच्या बाह्याकृती करून घ्या, म्हणजे मजकूर आकृतीत बदला. त्यांच्या संगणकावर तुमचा फॉन्ट नसेल तर दुसराच लागतो आणि ऱ्या पुन्हा र्या होऊ शकतो. पण त्याआधी मजकूर जिवंत असलेली एक प्रत वेगळ्या नावाने जतन करा. दुसऱ्या आवृत्तीत लेखक उपशीर्षक बदलतोच. बाह्याकृती केल्यावर ऱ्या, घा आणि धा मोठे करून बघा. कधी कधी जिथे दोन रेघा एकमेकींवर येतात तिथे पांढरा ठिपका पडतो. दिसला तर आकृत्या एकत्र जोडून घ्या.

ई-बुकसाठी जेपीईजी उच्च दर्जात आणि आरजीबी रंगात काढा. छापखान्याची सीएमवायके फाइल तशीच अपलोड करू नका, पडद्यावर तिचे रंग मळकट येतात.

अपलोड झाल्यावर काम संपलं असं धरू नका. दुकान तुमचं चित्र स्वतःच्या पद्धतीने पुन्हा लहान करतं आणि दाबतं. पुस्तक यादीत दिसू लागलं की दुसऱ्याच्या मोबाइलवर लेखकाचं नाव शोधा आणि यादीतलं लहान चित्र बघा. तिथला स्क्रीनशॉट घेऊन तुमच्या १०० पिक्सेलच्या प्रतीशेजारी ठेवा. घ ची शिरोरेखा सलग दिसत असेल, तिच्या पोटात उजेड असेल तर ते कव्हर राहू द्या. नसेल तर वजन एक पायरी उतरवून नवी फाइल चढवा. ई-बुकचं कव्हर विक्री सुरू झाल्यावरही बदलता येतं. छापील प्रतीची ऑर्डर मात्र हा स्क्रीनशॉट बघितल्यावरच द्या.